कपाळावरचे फडके: कवितेतला पुराणसंदर्भ ओळखण्याची आणि तपासण्याची रीत

कवितेत ‘कर्ण’ किंवा ‘शबरी’ असे नाव स्पष्ट लिहिलेले असले, की कुठे शोधायचे हे वाचकाला निदान कळते. अवघड असतो तो नाव न घेता आलेला संदर्भ. तो निसटला तरी कविता वाचून होते, तिचा काही ना काही अर्थ लागतो आणि आपल्याकडून काही सुटले आहे अशी शंकाही येत नाही. अशा एका संदर्भाचा माग पहिल्या शंकेपासून शेवटच्या टिपणापर्यंत कसा काढावा, हे या लेखात एकाच उदाहरणावर दाखवतो. त्यासाठी पुढील ओळी मी मुद्दाम रचल्या आहेत. नव्या वाचकांबरोबर त्या अनेकदा वाचल्यामुळे वाट नेमकी कुठे चुकते, हेही मला पाहायला मिळाले आहे.

दिवेलागणीला दार वाजलं.
उंबऱ्यापाशी कोणी उभं होतं
कपाळावर फडकं दाबून.
वाटीभर तेल मागितलं त्यानं.
मी दिवा पुढं केला;
तो म्हणाला, उजेड नको,
मला अजून बरीच वर्षं चालायचंय.
आई आतून म्हणाली, दूध दे त्याला,
आणि तो पुन्हा रडला.

आधी खटकणाऱ्या जागा टिपाव्यात

कविता हाती आली की लगेच ‘यात कोणती पुराणकथा आहे?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाने मन उत्तराच्या मागे धावते आणि पहिली आठवलेली कथा कवितेवर चिकटवली जाते. त्याऐवजी असे विचारावे, की या ओळींत असा कोणता तपशील आहे ज्याचे कारण कविता स्वतः देत नाही? ज्या तपशिलाचे कारण कवितेत मिळत नाही, त्याचे कारण बहुधा कवितेबाहेर असते, आणि पुराणसंदर्भ हे त्या बाहेरच्या कारणांपैकी एक असते.

आपल्या उदाहरणात संध्याकाळी दारी कोणी येणे, त्याने काही मागणे, घरातल्यांनी ते देणे, यात खटकण्यासारखे काही नाही. कपाळावर फडके दाबलेला माणूसही नुकताच कुठे धडपडला असे मानून खपून जातो. मात्र जखमी माणूस औषध किंवा पाणी न मागता तेल का मागतो? घरातला माणूस दिवा पुढे करतो, कारण तिन्हीसांजेला तेल दिव्यासाठीच हवे असणार असे त्याला वाटते. पाहुणा ‘उजेड नको’ म्हणतो, म्हणजे तेल कशासाठी हवे आहे हे कवितेत अखेरपर्यंत उघड होत नाही. पुढे ‘बरीच वर्षं’ हे शब्द येतात. रात्रीच्या मुक्कामाला निघालेला वाटसरू कोस मोजतो, फार तर दिवस मोजतो. हा वर्षे मोजतो. दूध पुढे आल्यावर रडण्याचे कारणही दिलेले नाही.

सर्वांत लहान आणि सर्वांत महत्त्वाची खटकणारी जागा शेवटच्या ओळीत आहे. ‘पुन्हा रडला’ असे म्हटले आहे, पण या कवितेत तो आधी कुठेही रडलेला नाही. नवे वाचक हा शब्द जवळजवळ नेहमीच ओलांडून जातात, कारण ‘पुन्हा’ हा रोजचा, साधा शब्द आहे. या साध्या शब्दांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. ‘पुन्हा’, ‘तोच’, ‘त्या रात्री’, ‘यावेळी तरी’ असे शब्द आधी घडलेल्या एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवतात, आणि ती गोष्ट कवितेत नसेल तर ती दुसऱ्या एखाद्या कथेत घडलेली असते. हा शब्द समासात लिहून ठेवावा. त्याचे उत्तर मिळेपर्यंत शोध संपला असे मानू नये.

उमेदवार पारखावेत

आता आठवतील त्या कथा कागदावर मांडाव्यात. या ओळी वाचून वाचकांनी मला दिलेली उत्तरे मुख्यतः चार आहेत. काहींना हा याचकाच्या रूपात परीक्षा घ्यायला आलेला देव वाटला. काहींना तेलामुळे शनी आठवला. काहींनी कपाळावरच्या जखमेवरून काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताचे नाव घेतले. आणि काहींनी अश्वत्थामा म्हटले.

पारख करण्याची रीत साधी आहे. प्रत्येक उमेदवार घेऊन खटकणाऱ्या जागांपैकी किती जागांचे कारण तो देतो ते पाहावे, आणि मुख्य म्हणजे कोणत्या जागेपाशी तो अडतो ते पाहावे. याचकरूपातला देव दारी येण्याचे कारण देतो, पण जखमेचे देत नाही, आणि देव पुढची वर्षे मोजत नाही. शनीला तेल वाहतात, पण दुधापाशी रडणारा शनी कुठे भेटत नाही. ख्रिस्ताच्या कपाळावरच्या जखमा खऱ्या, पण वर्षानुवर्षे चालत राहण्याची गोष्ट त्याची नाही.

येथे एक अभ्यासू वाचक म्हणाला, की युरोपात अशी एक दंतकथा आहे. क्रूस वाहून नेणाऱ्या ख्रिस्ताची हेटाळणी करणाऱ्या एका माणसाला ख्रिस्त परत येईपर्यंत भटकत राहण्याचा शाप मिळाला. ही कथा बायबलमध्ये नाही, तेराव्या शतकापासून युरोपातल्या लेखनात ती आढळते, आणि आपल्या कवितेशी तिचे साम्यही खरे आहे. पण साम्य म्हणजे संदर्भ नव्हे. जगातल्या अनेक परंपरांत शापित भटक्या आहे. कवितेतला भटक्या त्यांपैकी कोणता, हे ठरवणारा तपशील दुसऱ्या कुणाला लागू न पडणारा असावा लागतो. कपाळाची जखम आणि त्यासाठी तेलाची याचना ही जोडी अश्वत्थाम्याशिवाय मला कुठे माहीत नाही. एकटे तेल किंवा एकटी जखम पुरेशी ठरली नसती. दोन्ही एकत्र आल्यामुळे आणि त्यांना अनेक वर्षांच्या भटकंतीची जोड मिळाल्यामुळे ओळख पक्की होते. माझा नेम असा, की निदान दोन स्वतंत्र खुणा जुळाव्यात आणि त्यांतली एक तरी फक्त त्याच कथेची असावी. तेवढे नसेल, तर संदर्भ ‘असू शकेल’ एवढेच लिहावे.

आणखी एक सावधगिरी येथेच सांगतो. भाषेत मुरलेला संदर्भ आणि कवीने योजलेला संदर्भ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याने ‘नरो वा कुंजरो वा’ असे उत्तर दिले, असे कोणी लिहिले तर त्याच्या मनात द्रोणवधाचा प्रसंग असेलच असे नाही. तो संदिग्ध उत्तरासाठीचा रूढ वाक्प्रचार झाला आहे. आसपासच्या ओळींत रणभूमी, गुरू, पुत्र किंवा सत्यवचन असे काही जागे असेल, तरच त्या वाक्प्रचारातली कथा पुन्हा जिवंत झाली असे म्हणता येते.

कोशापासून मूळ ग्रंथापर्यंत

नाव हाती आल्यावर लगेच मूळ महाभारत उघडण्याची गरज नाही. आधी कोश पाहावा. मराठीत या कामाला सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा ‘प्राचीन चरित्रकोश’ आणि महादेवशास्त्री जोशी यांनी संपादित केलेला दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ हे दोन मोठे आधार आहेत. कोशातील नोंद गोष्ट समजण्यासाठी वाचावी, पण तिचा खरा उपयोग वाक्यांच्या शेवटी कंसात दिलेल्या स्थळनिर्देशांसाठी असतो. पर्वाच्या नावाचे आद्याक्षर आणि त्यापुढचे अंक म्हणजे मूळ ग्रंथातल्या जागेचा पत्ता असतो. ते निर्देश वहीत उतरवून घ्यावेत आणि एकेक करून पडताळावेत. केवळ कोशावर थांबलेला शोध बहुतेक वेळा अर्धवट राहतो, कारण कोशकार वेगवेगळ्या ग्रंथांतली माहिती एका सलग चरित्रात गुंफतो आणि कोणता धागा कुठून आला हे वाचकाच्या नजरेआड होते.

पत्ता पडताळताना नवख्याला पहिला धक्का बसतो तो अध्याय न सापडण्याचा. कारण महाभारताच्या आवृत्त्या दोन प्रकारच्या आहेत. एक प्रचलित पाठाच्या, म्हणजे नीलकंठ या टीकाकाराच्या संस्कृत विवरणासह छापल्या गेलेल्या आणि बहुतेक जुन्या भाषांतरांना आधार झालेल्या. दुसरी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सित आवृत्ती. तिचे काम १९१९मध्ये सुरू होऊन १९६६मध्ये पूर्ण झाले. तिच्यासाठी सुमारे १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली, आणि जे श्लोक सर्व परंपरांत मिळत नाहीत ते मुख्य पाठातून काढून तळटीपांत किंवा परिशिष्टांत ठेवले गेले. त्यामुळे दोन्हींतले अध्यायांचे आकडे अनेक ठिकाणी जुळत नाहीत. टिपण लिहिताना आकड्याबरोबर आवृत्तीचेही नाव लिहावे, नाहीतर सहा महिन्यांनी आपलाच पत्ता आपल्याला सापडत नाही.

संगणकावर संस्कृत पाठात शोध घेणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही, की ‘अश्वत्थामा’ एवढाच शब्द शोधला तर निम्म्याहून अधिक महत्त्वाच्या जागा सुटू शकतात, कारण ग्रंथात त्याला द्रौणि, द्रोणपुत्र, गुरुपुत्र अशा नावांनीही संबोधले आहे. दुसरी गोष्ट संधीची. ‘अरुदत्’ म्हणजे ‘रडला’ हे क्रियापद शोधायला गेलात तर ते त्या रूपात मिळणार नाही, कारण मूळ चरणात ते आधीच्या आणि नंतरच्या शब्दांत विरघळून ‘अश्वत्थामारुदद्बालः’ असे झाले आहे. म्हणून पूर्ण शब्दाऐवजी मधला न बदलणारा तुकडा शोधावा. येथे ‘रुदद्’ पुरेसा होतो.

एकेका तपशिलाचा उगम

येथे शोधाचा सर्वांत भरघोस भाग येतो. ‘हा अश्वत्थामा आहे’ एवढे कळल्यावर बहुतेक वाचक थांबतात. माझ्या मते खरे काम तिथून सुरू होते, कारण प्रत्येक खूण कोणत्या थरातून आली हे कळल्याशिवाय कवितेने कोणता अश्वत्थामा निवडला ते कळत नाही.

आधी शाप पाहू. सौप्तिकपर्व हे महाभारताचे दहावे पर्व. ‘सुप्त’ म्हणजे झोपलेले, आणि झोपलेल्यांच्या संहाराचे म्हणून हे पर्व सौप्तिक. अश्वत्थामा रात्री पांडवांच्या शिबिरात शिरून धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. नंतर पेचात सापडल्यावर आपले अस्त्र पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर सोडतो. सोळाव्या अध्यायात कृष्ण त्याला शाप देतो. त्यातले शब्द ‘त्रीणि वर्षसहस्राणि’ असे आहेत, म्हणजे तीन हजार वर्षे. या काळात तो निर्जन प्रदेशांतून एकटा भटकेल, त्याला कोणाशी बोलायलाही मिळणार नाही, त्याच्या अंगाला पू आणि रक्ताची दुर्गंधी येईल आणि सर्व व्याधी त्याला जडतील, असे त्या शापात सांगितले आहे.

या शापात मुदत आहे, हे लक्षात घ्यावे. पुष्कळांच्या मनात अश्वत्थामा कायमचा अमर आहे, आणि त्यालाही आधार आहे, पण तो निराळा. सात चिरंजीवांची नावे सांगणारा जो श्लोक अनेकांना पाठ असतो, त्यात पहिलेच नाव अश्वत्थाम्याचे येते आणि त्याच्या शेजारी बली, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम असतात. त्या श्लोकात ना जखम आहे ना शाप. तिथे तो वंदनीयांच्या पंगतीत बसलेला आहे. आपल्या कवितेतला पाहुणा ‘अजून बरीच वर्षं’ म्हणतो, ‘कायम’ म्हणत नाही. म्हणजे ही कविता श्लोकातल्या चिरंजीवाची नसून सौप्तिकपर्वातल्या, मुदतीची शिक्षा भोगणाऱ्या माणसाची आहे. हा निष्कर्ष केवळ मूळ श्लोक पाहिल्यामुळे काढता येतो.

आता जखम. सर्वांच्या मनातले चित्र असे असते, की कपाळावरचा मणी उपटून काढल्यामुळे तिथे भळभळती जखम राहिली. सौप्तिकपर्व वाचताना मात्र वाचक गोंधळतो, कारण तिथे अश्वत्थामा तो मणी पांडवांच्या स्वाधीन करून खिन्न मनाने वनात निघून जातो. मणी उपटल्याचे किंवा कपाळावर जखम झाल्याचे वर्णन तिथे नाही. ते चित्र अधिक जवळून भेटते ते भागवतपुराणाच्या पहिल्या स्कंधातल्या सातव्या अध्यायात. तिथे अर्जुन त्याला दोरीने बांधून आणतो, द्रौपदी ‘सोडा, याला सोडा’ म्हणून दया दाखवते, आणि शेवटी अर्जुन तलवारीने त्याच्या डोक्यावरचा मणी केसांसकट कापून घेतो. तिथला शब्द ‘मूर्धन्यं’ असा आहे, म्हणजे मस्तकावरचा. कपाळ हे लोकांच्या कल्पनेने ठरवलेले ठिकाण. आणि भागवताच्या त्या अध्यायात तीन हजार वर्षांचा शाप नाही. म्हणजे मस्तकावरचा घाव एका ग्रंथातून आणि भटकंती दुसऱ्या ग्रंथातून येऊन, सांगणाऱ्यांच्या तोंडी त्यांची एक कथा झाली.

महाभारतातल्या मण्याविषयी एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. मणी देण्यापूर्वी अश्वत्थामा त्याचे गुण सांगतो, की तो बांधणाऱ्याला शस्त्राचे, रोगाचे आणि भुकेचे भय राहत नाही. त्यानंतर आलेला शाप ‘सर्व व्याधी जडतील’ असे म्हणतो. म्हणजे मण्याने ज्यापासून त्याला राखले होते, त्यातलेच एक शापाने त्याच्या वाट्याला आले. कवितेतला पाहुणा काहीतरी मागत दारी उभा आहे, यामागे हेही आहे: ज्याला कधी कसली गरज भासणार नव्हती, तो आता वाटीभर तेलासाठी थांबला आहे.

तेल मात्र मी सांगितलेल्या दोन्ही जागी नाही. ते लोकपरंपरेतले आहे. नर्मदेच्या परिसरात आणि असिरगड किल्ल्याच्या आसपास जखमेसाठी तेल किंवा हळद मागणारा उंच माणूस भेटल्याच्या कथा सांगतात. मूळ ग्रंथात न सापडणारा तपशील म्हणजे कवीची चूक, असे नवखा अभ्यासक चटकन लिहितो, आणि ते मला पटत नाही. कवी ज्या कथेत वाढला ती कथा त्याने वापरली. मौखिक परंपराही उगमच आहे. फक्त तिची नोंद वेगळ्या रीतीने करावी लागते. ही कथा कोणत्या भागात सांगितली जाते, आपण ती कोणत्या छापील संग्रहात वाचली किंवा कोणाकडून ऐकली, आणि त्या सांगण्यात नेमके काय मागितले जाते, हे लिहावे. ‘पुराणात म्हटले आहे’ हे शब्द अशा तपशिलापुढे कधीही लिहू नयेत.

याच ठिकाणी कालक्रमाचेही भान ठेवावे. चिकित्सित आवृत्तीने एखादा श्लोक तळटीपेत टाकला असेल, तर तो मूळ संहितेत नसावा एवढेच त्यातून कळते. कवीने तो वाचला नव्हता असे त्यातून सिद्ध होत नाही, कारण कवीच्या हाती प्रचलित पाठाचे भाषांतर किंवा कीर्तनात ऐकलेली कथाच असण्याचा संभव जास्त असतो.

‘पुन्हा’ या शब्दाचे उत्तर

जखम, तेल आणि वर्षे यांचे उगम लागले, तरी समासात लिहून ठेवलेला शब्द अजून मोकळाच आहे. सौप्तिकपर्वात दूध नाही. आदिपर्वात आहे. चिकित्सित आवृत्तीच्या एकशे बाविसाव्या अध्यायात द्रोण भीष्माला आपल्या दारिद्र्याची हकीकत सांगतो. श्रीमंतांची मुले गाईचे दूध पिताना पाहून लहान अश्वत्थामा रडला, आणि त्या रडण्याने आपल्याला दिशा सुचेनाशा झाल्या, असे तो म्हणतो. दुभती गाय मिळावी म्हणून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिंडला, पण गाय मिळाली नाही. पुढे इतर मुलांनी अश्वत्थाम्याला पिठाचे पाणी पाजले, आणि तो ‘मीही दूध प्यालो’ म्हणत आनंदाने नाचू लागला.

येथे पुन्हा मूळ पाठ आणि प्रचलित सांगणे यांत फरक दिसतो. आपण लहानपणी ऐकलेल्या कथेत बहुधा आईच त्याला पीठ कालवून देते. ग्रंथात पिठाचे पाणी पुढे करणारी ती मुले आहेत आणि त्यांच्या मनात त्याला फसवण्याची मौज आहे. कवितेत मात्र आतून आवाज येतो तो आईचा, आणि ती खरे दूध द्यायला सांगते. आई हे पात्र ऐकीव कथेतून आले, पण तिने देऊ केलेली वस्तू दोन्ही कथांना उलटवून टाकते. बालपणी तो दूध नाही म्हणून रडला होता. आता ते मिळते आहे म्हणून रडतो. ‘पुन्हा’ या शब्दाने या दोन रडण्यांना जोडले आहे, आणि त्यांच्या मध्ये सौप्तिकपर्वातली ती रात्र आहे, जिचा उल्लेख कवितेत कुठेच केलेला नाही.

संदर्भाचे महत्त्व ठरवताना मी हाच प्रश्न विचारतो, की कवीने मूळ कथेतले काय घेतले, काय गाळले आणि काय बदलले. घेतलेल्या गोष्टी संदर्भ ओळखण्यासाठी असतात. अर्थ बहुतेक वेळा गाळलेल्या आणि बदललेल्या गोष्टींत असतो. येथे पाच मुलांची हत्या आणि गर्भावरचे अस्त्र गाळले आहे. शापाच्या भाषणात कृष्ण त्याला बालकांचे प्राण घेणारा म्हणतो. कविता त्याला एका आईच्या दारात उभे करते आणि ती आई, तो कोण आहे हे न विचारता, त्याला लहान मुलाचे अन्न देऊ करते. गाळलेला भाग ठाऊक नसणाऱ्याला ही एका दुखावलेल्या वाटसरूची हळवी कविता वाटेल. ठाऊक असणाऱ्याला मात्र असा प्रश्न पडेल, की त्या आईला कळले असते, तर तिने दूध दिले असते का. भागवतातली द्रौपदी आपल्या मुलांच्या मारेकऱ्याला सोडा म्हणते हे लक्षात घेतले, की तो प्रश्न अधिकच अवघड होतो, आणि कवितेने त्याचे उत्तर दिलेले नाही.

‘उजेड नको’ या शब्दांवर मात्र मी जपून बोलेन. रात्री केलेल्या कृत्याचा माणूस उजेड टाळतो, असा अर्थ लावता येतो आणि मला तो आवडतोही. पण उजेड टाळणाऱ्या अश्वत्थाम्याचा उल्लेख मी सांगितलेल्या एकाही जागी नाही, आणि तेल दिव्यासाठी नको एवढाच साधा अर्थही तिथे पुरतो. म्हणून हे माझे वाचन आहे, संदर्भ नव्हे, असे मी वेगळे लिहितो. सौप्तिकपर्वाच्या आरंभी झोपलेल्या कावळ्यांना मारणारे घुबड पाहून अश्वत्थाम्याला रात्रीच्या हल्ल्याची कल्पना सुचते. कवितेत अंधाराबरोबर घुबडही आले असते, तर मी हे वाचन पक्क्या संदर्भात घेतले असते.

टिपण कसे लिहावे

शोध पूर्ण झाल्यावर सगळी कथा टिपणात ओतण्याचा मोह होतो. तो टाळून, कवितेतल्या ओळीपासून सुरुवात करून उगमाकडे जावे आणि परत ओळीवर यावे. प्रत्येक विधानाबरोबर त्याची खात्री किती आहे हे वाक्यातच कळावे. आपल्या कवितेवरचे माझे टिपण असे आहे:

‘कपाळावरचे फडके आणि तेलाची याचना यांवरून पाहुणा अश्वत्थामा असल्याचे निश्चित होते. तेलाचा तपशील नर्मदेच्या परिसरातल्या लोककथांतला असून महाभारतातल्या शापप्रसंगात किंवा भागवतातल्या प्रसंगात तो नाही. मस्तकावरचा घाव भागवत १.७ मधल्या, मणी केसांसकट कापल्याच्या प्रसंगाशी जुळतो. सौप्तिकपर्वात मणी स्वाधीन केला जातो. “बरीच वर्षं” ही मुदत सौप्तिकपर्व, अध्याय १६ मधल्या तीन हजार वर्षांच्या शापाशी जुळते, चिरंजीवांच्या श्लोकाशी नाही. “पुन्हा रडला” मधले आधीचे रडणे आदिपर्वातले आहे (चिकित्सित आवृत्ती, अध्याय १२२). दूध देणारी आई ऐकीव कथेतून आली असावी. मूळ पाठात पिठाचे पाणी इतर मुले देतात. बालहत्येचा उल्लेख कवितेने गाळला आहे आणि दूध देणाऱ्या आईमुळे तो वाचकाच्या मनात उभा राहतो. “उजेड नको” चा संबंध रात्रीच्या संहाराशी लावणे शक्य आहे, पण त्याला पाठाचा आधार नाही.’

हे टिपण दुसऱ्या एखाद्या वाचकाला द्यावे आणि त्याला एवढेच करायला सांगावे, की दिलेल्या पत्त्यांवर जाऊन तिथे खरोखर तेच लिहिले आहे का ते पाहावे. त्याला एखादी जागा सापडली नाही, तर प्रथम आवृत्तीचे नाव तपासावे, मग अध्यायाचा आकडा, आणि तरीही ती सापडली नाही, तर ते विधान टिपणातून काढून टाकावे.